प्राण्यांचा रामराम: जवळ येण्याआधी काय सांगायचं असतं

प्रश्न: रामटेकच्या गडावर दोन वानरांनी एकमेकांना चक्क माणसासारखी मिठी मारलेली पाहिली. माकडं, चिंपांझी, पक्षी आपल्या कळपातल्यांना खरंच असा नमस्कार करतात का? आणि आपल्या रामरामाची सुरुवात तिथूनच झाली असं म्हणता येईल का?

उत्तर:

करतात, पण सगळेच नाही आणि सगळ्या वेळी नाही. रामटेकला दिसलेली मिठी बहुधा नमस्कार नसावी. ती का नसावी हे आधी सांगते, कारण उरलेलं सगळं उत्तर त्यावर उभं आहे.

रामटेक, मनसर आणि पेंचच्या काठावरच्या गावांमध्ये वानरांच्या टोळ्यांमागे फिरणं हेच माझं काम आहे. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं आपलं वानर दिवसभर टोळीतच असतं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, देवळाच्या कळसावरून पायऱ्यांवर, पण सगळी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. जो दूर गेलाच नाही त्याला भेटल्याचा नमस्कार कसला? आता मिठी जवळून पाहिली तर काय दिसतं? एक मादी दुसरीकडे जरा तिरकी चालत येते, थेट डोळ्यांत पाहत नाही. दोघी समोरासमोर बसतात, हात एकमेकींच्या पाठीवर जातात, तोंडं खांद्यावरून पलीकडे वळलेली असतात. काही सेकंदांतच हात सुटतात आणि त्यातली एक दुसरीचे केस उलगडून साफ करायला लागते. हे इतकं माणसासारखं दिसतं की पाहणारा तिथेच थांबतो. त्याने मिठीआधीचा वेळ पाहिलेला नसतो. त्या वेळात बहुतेकदा काहीतरी बिनसलेलं असतं: शेजारची टोळी हद्दीवर आलेली, नराने हुप्प केलेलं, प्रसादाच्या नारळावरून ओढाताण झालेली, नाहीतर कुत्रं मागे लागलेलं. अशा मिठीने ताण उतरतो. ती समेट आहे, धीर देणं आहे. ती भेटीची खूण नाही.

म्हणून आमच्या क्षेत्रात एखाद्या हावभावाला अभिवादन म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासतात. दोघं आधी वेगळी झालेली होती का? तो हावभाव भेटीच्या अगदी सुरुवातीला येतो का, की दिवसभर कधीही? आणि तो झाला तेव्हा पुढे जे घडलं, ते तो न झाला तेव्हापेक्षा वेगळं होतं का? तिसरी अट सगळ्यात अवघड, कारण तिच्यासाठी अभिवादन न झालेल्या भेटीही तेवढ्याच काळजीने नोंदवाव्या लागतात. नुसत्या गोड प्रसंगांचे फोटो जमवून काहीच सिद्ध होत नाही.

ही तपासणी नीट पार पडलेली माझ्या आवडीची केस मेक्सिकोतली आहे. युकातान भागातल्या पुंता लागुना इथल्या स्पायडर मंकींवर फिलिप्पो ऑरेली आणि कॉलीन शाफनर यांनी काम केलं आणि 2007 मध्ये ते प्रसिद्ध केलं. ही माकडं आपल्या वानरांसारखी एकत्र राहत नाहीत. सकाळी मोठा समूह फुटतो, चार इकडे, सहा तिकडे फळं शोधायला जातात, आणि दिवसात कधीतरी दोन तुकड्या पुन्हा एकत्र येतात. म्हणजे पहिली अट आपोआप पूर्ण होते: इथे खरोखर ताटातूट आहे आणि खरोखर भेट आहे. दोन तुकड्या एकत्र येतात तो क्षण धोक्याचा असतो, हे आधी दिसलं. एरवीपेक्षा त्या सुरुवातीच्या मिनिटांत भांडणं वाढतात. आणि मिठ्याही नेमक्या त्याच मिनिटांत वाढतात. एक माकड दुसऱ्याभोवती हात टाकतं, नाक त्याच्या छातीशी नेऊन हुंगतं, कधी शेपट्याही गुंततात. ज्या भेटींत मिठ्या झाल्या त्या भेटींत मारामारी कमी झाली. तिन्ही अटी पूर्ण. याला मी बिनदिक्कत अभिवादन म्हणेन.

मिठीचं अंगही लक्षात घ्या. मिठी मारताना गळा आणि पोट, दोन्ही समोरच्याच्या दातांच्या टप्प्यात येतात. ज्याच्या मनात चावायचं आहे तो असं करणार नाही, आणि ज्याला चावलं जाण्याची भीती आहे तोही करणार नाही. म्हणजे प्रेम दाखवण्याआधी मिठी एक माहिती देते: आत्ता, या क्षणी, माझ्याकडून धोका नाही.

हीच माहिती आणखी धाडसाने देतात ते आफ्रिकेतले बबून. केनियातल्या गिलगिलजवळ बार्बरा स्मट्स आणि जॉन वातानाबे यांनी प्रौढ नर बबूनांच्या भेटी नोंदवल्या आणि 1990 मध्ये त्यांचं विश्लेषण मांडलं. नर बबूनाचे सुळे बिबट्यालाही विचार करायला लावतील असे असतात आणि दोन नर एरवी एकमेकांपासून अंतर राखूनच वागतात. पण अधूनमधून एक नर दुसऱ्याकडे झपझप, डुलत्या चालीने सरळ येतो. डोळे बारीक केलेले, कान मागे चिकटवलेले, ओठ पटापट एकमेकांवर आपटण्याचा चपचप आवाज. दुसरा तसंच उत्तर देतो. मग एक जण पाठ वळवून मागची बाजू समोर करतो, दुसरा कमरेला हात लावतो, क्षणभर वर चढतो, किंवा समोरच्याच्या जननेंद्रियाला हात लावतो. दोन-चार सेकंदांत खेळ संपतो आणि दोघं लगबगीने वेगळे होतात. नराने आपला सगळ्यात नाजूक अवयव प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यावा, यापेक्षा मोठा विश्वास प्राणिजगतात शोधून सापडणं कठीण.

या भेटींतल्या पुष्कळशा अर्ध्यावर मोडतात, आणि मला त्यातच जास्त रस वाटतो. एक जण ऐन वेळी सरकतो, दुसरा वळून निघून जातो. अभिवादन अर्धवट राहिलं म्हणजे दोघांना एकमेकांविषयी काहीतरी कळलं: आज भरवसा नाही. तरुण नरांमध्ये असं जास्त होतं, कारण कोण वर कोण खाली हा प्रश्न तिथे उघडा असतो. याउलट त्या टोळीतले अलेक्झांडर आणि बॉझ हे दोन वयस्कर नर. दोघं मिळून तरुण नरांना तोंड द्यायचे. त्यांच्या अभिवादनात विलक्षण समतोल होता, कधी हा पुढाकार घेई, कधी तो. म्हणजे ज्यांचं सहकार्य पक्कं, त्यांची भेटही बरोबरीची.

आता आपल्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकांकडे, म्हणजे बिनशेपटीच्या कपींकडे वळू. चिंपांझीही समूह फोडून हिंडतात. एका समुदायातले दोन जण दिवसच्या दिवस एकमेकांना न दिसणं तिथे नेहमीचं आहे. जेन गुडॉल यांनी 1960 मध्ये टांझानियातल्या गोंबे इथे काम सुरू केलं, तेव्हापासून त्यांचं भेटणं हा अभ्यासाचा विषय आहे. मिठी, हात पुढे करणं, उघड्या तोंडाने चुंबन, हे सगळं चिंपांझींमध्ये आहे. पण या सगळ्यांत नेमाने येणारी खूण आवाजाची आहे. हलक्या दर्जाचा चिंपांझी वरच्या दर्जाच्या जवळ येतो तेव्हा अंग खाली झुकवतो, डोकं खालीवर करतो आणि धापा टाकत हुंकारतो: श्वास आत घेतानाही आवाज, बाहेर सोडतानाही आवाज, अंह-अंह-अंह अशी साखळी. वरचा बहुतेकदा गप्प असतो. कधी केस फुलवून उभा राहतो, कधी पुढे आलेल्या हाताला किंवा डोक्याला नुसता स्पर्श करतो.

हा हुंकार एकाच दिशेने जातो, खालून वर. तो इतका एकमार्गी आहे की चिंपांझींच्या समुदायातली उतरंड ठरवायला संशोधक कोण कोणाला हुंकारतो याचीच वही ठेवतात. मारामाऱ्या मोजून जे नीट कळत नाही ते यातून कळतं. आणि हा आवाज आपोआप फुटणारा नाही. युगांडातल्या बुडोंगो जंगलात मारियन लापोर्त आणि क्लाउस झुबरब्युलर यांनी 2010 मध्ये दाखवलं की समुदायाचा मुख्य नर आसपास असेल तर माद्या इतर नरांना हुंकारणं आवरतात. म्हणजे आपण कोणाला मान देतोय हे आणखी कोण पाहतंय, याचं भान तिथे आहे. लग्नाच्या मांडवात आधी कोणाच्या पाया पडायचं याचा विचार करणाऱ्या कोणालाही हे परकं वाटणार नाही.

मात्र चिंपांझीवरून थेट माणसावर उडी मारताना एक गोष्ट आडवी येते. आपल्या तितकाच जवळचा दुसरा नातेवाईक म्हणजे बोनोबो, आणि त्यांच्यात उतरंड इतकी कडक नाही. राफाएला हीसेन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये बंदिस्त समूहांतल्या दोन्ही जातींच्या 1,242 जोडभेटी तपासल्या. त्यांचा प्रश्न असा होता: खेळ किंवा केस साफ करणं एकत्र सुरू करण्याआधी हे प्राणी एकमेकांकडे पाहून, हात लावून सुरुवातीची खूण करतात का, आणि थांबवताना शेवटची? बोनोबोंनी 90 टक्के वेळा सुरुवातीची खूण केली, चिंपांझींनी 69 टक्के. शेवटची खूण अनुक्रमे 92 आणि 86 टक्के. बोनोबोंमध्ये एक गमतीची गोष्ट दिसली. ज्या दोघांचं नातं जितकं घट्ट, तितका त्यांचा हा उपचार छोटा. जिवाभावाच्या मित्राला आपणही 'काय रे' म्हणून लगेच मुद्द्यावर येतो, आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना मात्र दोन वाक्यं जास्त बोलतो. चिंपांझींमध्ये हा नात्याचा परिणाम तसा दिसला नाही. त्यामुळे माणूस आणि या दोघांचा साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा समाईक पूर्वज नेमका कसा भेटायचा, हे एका जातीवरून ठरवता येत नाही. भेटीला सुरुवात आणि शेवट असतो ही जाण त्याच्यात असावी, इतकं म्हणायला आधार आहे.

पण आपला नमस्कार, रामराम, हॅलो हे बोलायचे आहेत. अंगाने करायच्या खुणेतून तोंडाने करायची खूण कशी आली असेल? इथे मला लाल तोंडाची माकडं जास्त शिकवतात. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर 1938 मध्ये भारतातूनच नेलेल्या माकडांची वसाहत आहे आणि आज त्यांच्या अनेक पिढ्यांची नोंद उपलब्ध आहे. तिथे जोन सिल्क आणि सहकाऱ्यांनी एक साधीच गोष्ट मोजली. एक मादी दुसऱ्या मादीकडे येताना कधी हलके गुरगुरल्यासारखा किंवा नाकातून कण्हल्यासारखा मऊ आवाज काढते, कधी गुपचूप येते. आवाज काढत आलेली मादी पुढे हल्ला कमी करते आणि मैत्रीने जास्त वागते. समोरच्या मादीलाही हे माहीत असतं, ती बिचकून उठून जात नाही. हे सगळ्यात जास्त दिसतं ते पोर झालेल्या आईजवळ जाताना. पिल्लाला हात लावायची सगळ्यांनाच ओढ असते आणि आईला सगळ्यांचीच धास्ती असते. मऊ आवाज करत येणाऱ्या मादीला ती हात लावू देते.

या आवाजाला काहीच मोल पडत नाही. मिठीसारखा गळा पुढे करावा लागत नाही. मग खोटं का बोलत नाहीत? गोड आवाज काढत जवळ जायचं आणि चावा घ्यायचा, असं का होत नाही? सिल्क यांचं उत्तर मला पटतं: कारण उद्या पुन्हा तीच मादी भेटणार आहे, परवाही भेटणार आहे. एकदा फसवलं की त्या आवाजाचा उपयोग कायमचा संपला. स्वस्त आवाज खरा राहतो तो रोजच्या सहवासामुळे. बोललेल्या अभिवादनाचं मूळ शोधायचं तर मी इथे बोट ठेवेन: हाताच्या अंतरावर पोचण्याआधी काढलेला, आता काय होणार नाही हे सांगणारा मऊ आवाज. बबूनांचा आणि या माकडांचा ओठ चपचपवण्याचा हावभावही याच जागी येतो, आणि त्याचा ताल सेकंदाला साधारण पाच उघडझापांचा असतो. माणूस बोलताना तोंड जवळपास याच वेगाने उघडझाप करतं. हे साम्य असिफ गझनफर यांच्या प्रयोगशाळेने लाल तोंडाच्या माकडांवर दाखवलं. यावरून बोलणं ओठ चपचपवण्यातूनच आलं असं म्हणणं मला घाईचं वाटतं, पण मैत्रीची खूण आणि बोलणं एकाच तालावर चालतं ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता पक्षी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण पक्षी सतत काहीतरी बोलतच असतात. अंगणातल्या सातभाईंचा कलकल दिवसभर चालू असतो. तो मुख्यतः 'मी इथे आहे, तू कुठे आहेस' असा संपर्काचा आवाज आहे, टोळी विखरू नये म्हणून. पोपटांचा थवा संध्याकाळी झाडावर उतरताना जो ओरडा करतो त्यातही मोठा भाग याचाच. संपर्काचा आवाज दूरवरून आणि सारखा काढला जातो, अभिवादन जवळून आणि भेटीच्या क्षणी होतं. दोन्हींची कामं वेगळी.

पक्ष्यांमधलं खरं अभिवादन पाहायचं तर घरट्यावर पाहावं. रातबगळा हा तळ्याकाठच्या झाडांवर वसाहत करून राहणारा पक्षी. जोडीतला एक घरट्यात असतो, दुसरा बाहेरून येतो. घरट्यातल्याच्या दृष्टीने कोणीही येणारा हा आधी घुसखोर असतो, आणि चोच ही काही साधी वस्तू नाही. येणारा पक्षी घरट्याच्या काठावर मान खाली घालतो. त्यामुळे चोच खाली जाते आणि डोक्याचा निळसर काळा माथा समोर येतो, त्यावरची दोन-तीन लांब पांढरी पिसं उभी राहतात. मगच तो आत येतो. ऑस्ट्रियात कॉनराड लोरेन्झ यांनी मोकळे सोडलेले रातबगळे पाळले होते, आणि त्यांच्या एका नोंदीत जणू निसर्गानेच प्रयोग करून दाखवला. ते स्वतः झाडावर घरट्याजवळ चढलेले असताना पालक पक्षी परतला. माणूस पाहून त्याने मान लववली नाही, धमकावण्याचा पवित्रा घेतला. घरट्यातली पिल्लं लोरेन्झना सरावलेली होती, त्यांना भीती नव्हती. त्यांनी हल्ला केला तो स्वतःच्या पालकावर. पालक तोच, पिसं तीच, फक्त मान लववायची राहिली, आणि पिल्लांसाठी तो परका झाला.

निको टिंबरगेन यांनी काळ्या डोक्याच्या कुरवांमध्ये याचंच दुसरं रूप दाखवलं. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवरही येतो, पण तेव्हा त्याचं डोकं पांढरट असतं. विणीच्या काळात चेहरा गडद तपकिरी होतो, आणि चेहरा व चोच समोर रोखणं ही धमकी ठरते. जोडी जमवताना नर-मादी शेजारी उभे राहतात आणि एकदम मान फिरवून चेहरा दुसरीकडे नेतात. जे शस्त्र आहे ते समोरच्याच्या नजरेआड करतात. डार्विन यांनी 1872 मध्येच कुत्र्याविषयी हे मांडलं होतं: चाल करून येणाऱ्या कुत्र्याचं अंग जसं ताठ असतं, मालकाला भेटणाऱ्या कुत्र्याचं अंग नेमकं त्याच्या उलट असतं. मैत्रीचा हावभाव हा धमकीच्या हावभावाला उलटा करून घडलेला दिसतो.

पण पक्ष्यांकडून आपल्याला हे वारशाने मिळालं, असा अर्थ काढू नका. पक्ष्यांचा आणि आपला समाईक पूर्वज साधारण 32 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि मधल्या अनेक फांद्यांमध्ये असलं काही दिसत नाही. रातबगळ्याची लवलेली मान आणि आपली नमस्काराला लवलेली मान सारखी दिसते, कारण अडचण सारखी आहे: इजा करू शकणाऱ्या दोघांना जवळ यायचं आहे. दोन वेगळ्या घराण्यांनी एकाच अडचणीवर स्वतंत्रपणे काढलेलं उत्तर आहे ते. चिंपांझी आणि बोनोबोंची गोष्ट वेगळी, तिथे वारशाचा दावा करता येतो. बबून आणि लाल तोंडाची माकडं मधे कुठेतरी, अडीच-तीन कोटी वर्षांच्या अंतरावर. आपल्या प्रश्नात 'माकडं, चिंपांझी, पक्षी' एका ओळीत आले आहेत, पण पुरावा म्हणून त्यांचं वजन सारखं नाही.

मग माणसाच्या भेटीत या जुन्या गोष्टी दिसतात का? अॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांनी 1973 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वाढदिवसाच्या समारंभाची फिल्म चौकट-चौकट करून पाहिली. पाहुणा दिसतो, दुरून हात किंवा मान हलवली जाते, मग तो चालायला लागतो आणि मधल्या अंतरात नजर दुसरीकडे वळवतो. याच वेळी तो हात अंगासमोर आणतो, केस किंवा कपडे ठीक करतो. अगदी जवळ आल्यावर पुन्हा नजर भिडते आणि हस्तांदोलन किंवा मिठी होते. मधल्या अंतरातलं ते नजर वळवणं वाचलं तेव्हा मला तिरक्या चालीने येणारी वानराची मादीच आठवली. ओळखीचा चेहरा दिसताच भुवया सेकंदाच्या साधारण सहाव्या भागापुरत्या उचलल्या जातात, हे आयब्ल-आयब्सफेल्ड यांनी जगभरच्या समाजांत चित्रित केलं. सीताबर्डीच्या गर्दीत कोणी ओळखीचं भेटलं की बघा, तुमच्याही भुवया आधी उठतील, तोंड नंतर उघडेल. मात्र भुवया उचलणं हे माकडांमध्ये पुष्कळदा धमकी असतं, त्यामुळे हा तुकडा कुठून आला याचं उत्तर सरळ नाही.

काही गोष्टी मात्र माणसाच्याच आहेत. आपण अनोळखी माणसाला नमस्कार करतो. चिंपांझींमध्ये दुसऱ्या समुदायाचा नर भेटला तर अभिवादन होत नाही, जीवही जाऊ शकतो. आणि आपण निरोप घेतो. जंगलात चिंपांझी गटातून उठतो आणि चालू लागतो, तासाभराने निघून गेल्याचं कळतं. एकत्र चाललेला खेळ थांबवायची खूण त्यांच्यात आहे, पण 'आता मी जातो, पुन्हा भेटू' याला लागणारी उद्याची कल्पना ही बहुधा नंतरची भर असावी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अभिवादनाची एकमार्गी, खालून वर जाणारी चाल माणसांनीही हजारो वर्षं वापरली, आणि जातिव्यवस्थेने ती माणसांवर लादली. महार समाजाला वरच्या जातींपुढे वाकून जोहार घालावा लागे, आणि त्याला बरोबरीचं उत्तर मिळत नसे. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांना 'जय भीम' रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं. त्याला उत्तरही 'जय भीम' असंच येतं, तेवढ्याच मानाचं. एका समाजाने विचार करून, ठरवून आपल्या भेटीची दिशाच बदलली. चिंपांझीचा हुंकार कोणत्याही समुदायाने असा टाकून दिल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आपलं अभिवादन जुन्या प्राण्यांकडून आलेल्या साच्यावर उभं असेल, पण त्यात काय भरायचं हे माणूस ठरवतो. गोंड बांधवांचा 'जय सेवा', रामराम, सलाम, हे सगळं शिकावं लागतं, जन्मजात येत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर तीन सूचना. खाऊ देत असताना जे दिसतं ते भेटीविषयी काहीच सांगत नाही. अन्नाभोवती जमलेली माकडं ताणात असतात, म्हणून खाणं देऊ नका आणि कोणी देत असेल तर तिथून नोंद घेऊ नका. दुसरं, लाल तोंडाच्या माकडाने आवाज न करता ओठ मागे ओढून दात दाखवले तर ते हसणं समजून हात पुढे करू नका. ती शरणागतीची, घाबरल्याची खूण आहे, आणि कोपऱ्यात सापडलेलं घाबरलेलं माकड चावतं. तिसरं, सुरुवात वानरांपासून करण्यापेक्षा विणीच्या दिवसांत रातबगळ्यांच्या वसाहतीपासून करा. दुर्बीण घेऊन घरट्यांना त्रास होणार नाही इतक्या लांब, एकाच घरट्यासमोर बसा. बदलीला येणारा पक्षी दर खेपेला मान लववतो का, आणि एखाद्या खेपेला नाही लववली तर आत बसलेला काय करतो, ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. मान न लववलेल्या खेपा जेव्हा वहीत जमायला लागतील, तेव्हाच तिसऱ्या अटीचं उत्तर तुम्हाला मिळू लागेल.